ह्युमिडिफायर रात्रभर चालतो, तरी सकाळी अंग उललेलंच: सोलापूरच्या घरात काय-काय तपासायचं

मी सोलापुरात कूलर, एसी आणि अलीकडे ह्युमिडिफायर दुरुस्त करतो. दिवाळीनंतर थंडी पडली की आणि पुन्हा फेब्रुवारीअखेर एसी सुरू झाले की एकच तक्रार येते. "दादा, मशीन रात्रभर चालू असतंय, धूर पण चांगला येतोय, तरी पोरीचे गाल उललेत." मशीन उघडून बघावं तर बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. दोष खोलीत असतो, नाहीतर पाण्यात. त्यामुळे दुरुस्तीला आणण्याआधी घरी काय बघता येतं ते इथे लिहितो. सगळ्यात आधी बिनखर्चाच्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी हत्यारं लागतात त्या.

लक्षणं

सकाळी उठल्यावर गाल आणि नडगी ताणल्यासारखी वाटते, नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते. ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, एखाद्याच्या नाकाचा घोळणा फुटतो. टीव्हीच्या काळ्या काचेवर, ड्रेसिंग टेबलावर, गडद रंगाच्या चादरीवर पिठासारखी पांढरी पूड दिसते, पुसली तरी दुसऱ्या दिवशी परत येते. मशीनखालची फरशी ओली असते. काही घरांत याच्या उलट होतं. हवा कोंदट होते, कपाटामागे कुबट वास येतो आणि तरीही खाज थांबत नाही. या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, म्हणून तुमच्या घरात नेमकं काय दिसतं ते आधी ठरवा. पूड दिसत असेल तर पाण्याचा भाग नीट वाचा. पूड नसेल आणि फक्त कोरडेपणा असेल तर खोलीपासून सुरुवात करा.

पहिली तपासणी: खोली बंद आहे का आणि वारा अंगावर येतो का

याला पैसे लागत नाहीत, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

जुन्या घरांत खिडकीच्या वर झरोका असतो, नव्या घरांत सरकत्या खिडकीला फट असते आणि दाराखाली बोटभर जागा असते. मशीन जेवढी ओल हवेत सोडतं तेवढी त्या फटींतून बाहेर जाते आणि बाहेरची कोरडी हवा आत येते. पूर्ण सील करायला मी सांगत नाही, माणसांना ताजी हवा लागतेच. पण झरोका रात्री झाकला आणि दाराखाली जुनी चादर गुंडाळून लावली तर मोठा फरक पडतो. गॅसचा गिझर किंवा शेगडी असलेल्या जागेला लागून झोपायची खोली असेल तर मात्र फटी बुजवू नका.

दुसरी गोष्ट पंखा. सोलापूरकराला थंडीतही पंख्याशिवाय झोप येत नाही. पण हलता वारा कातडीवरची ओल उचलून नेतो. खोलीतली आर्द्रता ठीक असली तरी अंगावर सतत वारा लागला की कातडी सुकते. पंखा एक नंबरवर ठेवा, किंवा छताऐवजी टेबल पंखा भिंतीकडे तोंड करून लावा.

एसी असेल तर फ्लॅप वर करून झोत छताला लावा. रिमोटवर मोड बघा. थेंबाचं चिन्ह असलेला ड्राय मोड चालू असेल तर एसी मुद्दाम हवेतली ओल काढत असतो, आणि शेजारी ह्युमिडिफायर ती भरत असतो. हे अनेक घरांत सर्रास दिसतं, कारण ड्राय मोडने वीज वाचते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. कूल मोड लावा आणि तापमान २६ वर ठेवा. १८ वर ठेवल्याने कॉइल अधिक थंड राहतं आणि ओल कॉइलवर पाणी होऊन ड्रेनच्या नळीतून वाहून जाते. खात्री करायची असेल तर रात्री बाहेरच्या ड्रेन नळीखाली बादली ठेवा. सकाळी बादलीत बरंच पाणी दिसलं तर तुमच्या टाकीतलं पाणी खोलीतून फिरून तिकडे गेलं असं समजा. एसी चालू असताना ४५ टक्क्यांच्या फार वर आर्द्रता टिकत नाही, कारण कॉइल ती तिथेच कापतो. तेवढ्यावर समाधान माना. मोठं मशीन आणून पुढे जाता येत नाही.

दुसरी तपासणी: मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो. ह्युमिडिफायरच्या अंगावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. तो सेन्सर मशीनच्या स्वतःच्या तुषारांजवळ बसलेला असतो, त्यामुळे तो ६० दाखवतो आणि पलंगाजवळ ३५ असते. मीटर उशीच्या उंचीवर ठेवा, मशीनपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब.

स्वस्त मीटर पाच-सात टक्के चुकू शकतो. तो घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात एक चमचा साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळेल इतकं पाणी नको. हे झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा साधारण ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी सांगतो, तेवढे मनात मिळवून वाचा.

कातडीसाठी ४० ते ५० टक्के पुरे. ३० च्या आसपास किंवा खाली असेल तर कोरडेपणाचं कारण सापडलं. ६० च्या वर नेऊ नका. भिंतीला बुरशी धरते, गादीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात आणि दमा असलेल्याला त्रास होतो. ही कोंदट खोलीतली खाज लोकांना कोरडेपणाची वाटते आणि ते मशीन आणखी वाढवतात.

आपल्याकडचं एक लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सोलापूरची हवा सगळ्यात कोरडी दुपारी असते. पहाटे गारवा वाढला की आर्द्रतेचा आकडा आपोआप वर चढतो. म्हणून रात्रभर पूर्ण जोरात मशीन चालवायची गरज बऱ्याचदा नसते. संध्याकाळी खोली बंद करून लावा आणि मीटर ५० वर आला की कमी करा. घरात आजारी माणूस किंवा बाळ असेल तर दुपारचा आकडाही बघा, तिथेच खरी उणीव असते.

मीटर ४५ दाखवतोय आणि तरी अंग उलतंय, असं असेल तर मशीनचा नाद सोडा आणि न्हाणीघरात बघा. कडकडीत पाण्याने, साबण घासून, बराच वेळ आंघोळ केली की कातडीवरचं तेल निघून जातं. पाणी कोमट घ्या, साबण काखा, जांघा आणि पायांपुरता वापरा, आणि टॉवेलने टिपून अंग जरा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत खोबरेल, पेट्रोलियम जेली किंवा साधं बिनवासाचं क्रीम लावा. आर्द्र हवा कातडीतली ओल उडण्याचा वेग फक्त कमी करते. कातडीवर थरच नसेल तर एकट्या मशीनने काम होत नाही.

तिसरी तपासणी: टाकीत कुठलं पाणी आहे

सोलापुरात सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाजारातले बहुतेक ह्युमिडिफायर अल्ट्रासोनिक असतात. तळाला नाण्याएवढी चकती असते, ती अतिशय वेगाने थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. म्हणजे पाण्याची वाफ होत नाही, पाणीच क्षारांसकट उडतं. तुषार हवेत सुकतो आणि आतला क्षार पूड होऊन खाली बसतो. टीव्हीवरची पांढरी पूड ती हीच.

हिशोब करून बघू. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून कित्येक घरांत वापराला बोअर आहे. बोअरचं पाणी लिटरमागे १,००० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचं आहे असं धरा. टीडीएस मीटरवर हा आकडा आपल्या भागात नवलाचा नाही. मशीन तासाला २५० मिलि उडवतं, आठ तासांत दोन लिटर. म्हणजे एका रात्रीत दोन ग्रॅम क्षार खोलीच्या हवेत गेले. तेच आरओचं ५० टीडीएसचं पाणी असेल तर रात्रीत एक दशांश ग्रॅम. ती पूड फक्त फर्निचरवर बसत नाही. श्वासात जाते, आणि घामेजल्या मानेवर, कोपराच्या वळीत बसून कोरड्या कातडीची खाज वाढवते.

पूड धुळीची की क्षाराची हे ओळखायचं असेल तर टाकीच्या तळाचा पांढरा थर चमच्याने खरवडा आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर चुन्याचा क्षार आहे.

आता कुठलं पाणी चालतं आणि कुठलं नाही. उकळून गार केलेलं पाणी लोकांना शुद्ध वाटतं. उकळल्याने जंतू मरतात, काही क्षार भांड्याला बसतो, पण बाकीचा पाण्यातच राहतो. मेणबत्तीचा फिल्टर आणि यूव्ही विरघळलेला क्षार काढत नाहीत. अपार्टमेंटला बसवलेला सॉफ्टनर तर जास्तच फसवतो. त्याने साबणाला फेस येतो, पण चुन्याच्या जागी सोडियम येतं आणि एकूण क्षार तेवढाच राहतो, त्यामुळे पूड पडतच राहते. एसीच्या ड्रेनचं पाणी क्षारात कमी असलं तरी कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन आलेलं असतं, ते हवेत उडवू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी श्वासात जाण्यासाठी बनवलेलं नसतं, तेही टाळा. घरी आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी वापरा, बाजूच्या नळीतून फेकलं जाणारं नव्हे, त्यात क्षार आणखी दाट असतो. आरओ नसेल तर वॉर्डातल्या पाण्याच्या एटीएमचा जार परवडतो, पण एकदा टीडीएस मोजून घ्या.

टाकीत कापूर, निलगिरी, सुगंधी तेल घालू नका. प्लास्टिकला बारीक तडे जातात, चकतीवर थर बसतो आणि लहान मुलांच्या श्वासनलिकेला ते झोंबतं.

चौथी तपासणी: चकती आणि टाकी साफ करणं

तुषार पूर्वीपेक्षा कमी येतोय, किंवा तुषार येतो पण लगेच खाली पडून फरशी ओली होते, असं असेल तर आधी मशीनची जागा बदला. जमिनीवर ठेवू नका. दोन-अडीच फूट उंचीच्या स्टुलावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, म्हणजे तुषार जमिनीला टेकायच्या आत हवेत मिसळतो. तरी तोच प्रकार असेल तर चकतीवर क्षार चढलाय.

प्लग काढा. टाकी उचला, तळातलं पाणी हवेच्या तोंडाच्या विरुद्ध बाजूने ओता. हे महत्त्वाचं आहे, कारण हवेच्या तोंडातून पाणी गेलं की सरळ सर्किटवर जातं, आणि माझ्याकडे बंद होऊन येणाऱ्या मशीनांत हे कारण फार वेळा असतं. तळाच्या वाटीत चकती बुडेल इतकं पांढरं व्हिनेगर, नाहीतर एक कप कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड घालून वीस-तीस मिनिटं ठेवा. थर मऊ पडला की कापसाच्या काडीने किंवा मऊ दात-ब्रशने हलकेच पुसा. चाकू, तार, भांडी घासायची जाळी लावली की चकतीवरचा मुलामा जातो आणि मग ती बदलावीच लागते. दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने खळबळून काढा. व्हिनेगर आत असताना मशीन चालू करू नका, आणि व्हिनेगर व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी उपडी सुकवा आणि आठवड्याला वरची सफाई करा. टाकीच्या आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ते जंतूंचं पटल आहे, आणि अल्ट्रासोनिक मशीन क्षारासारखंच तेही उडवतं.

पाचवी तपासणी: मशीन खोलीला पुरतं का

जुळे सोलापुरातल्या एका घरातलं उदाहरण सांगतो, त्यात वरचं सगळं एकत्र होतं. खोली १२ बाय १०, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. मार्च लागलेला, रात्री एसी. सहा वर्षांच्या मुलीचे गाल आणि गुडघ्यामागची कातडी उललेली. मीटर उशीजवळ ३१ दाखवत होता.

२४ अंशाला अशा खोलीची आर्द्रता ३० वरून ४५ वर न्यायला साधारण ११० मिलि पाणी हवेत जावं लागतं. अर्धा पेला. पण खोलीतली हवा फटींतून तासाभरात एकदा बदलत असेल तर तेवढंच पाणी दर तासाला पुन्हा लागतं. त्या घरात आधी मोबाइलच्या चार्जरवर चालणारं लहान मशीन होतं, ते तासाला ३०-४० मिलि देतं. ते कधीच पुरणार नव्हतं. मग त्यांनी चार लिटरचं आणलं, तासाला २५० मिलि देणारं. ते पुरायला हवं होतं. पण ते एसीच्या बरोबर खाली जमिनीवर होतं, एसी ड्राय मोडवर, पंखा चारवर, झरोका उघडा आणि टाकीत बोअरचं पाणी. टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी पूड.

मशीनला हात न लावता सगळं बदललं. एसी कूल मोडला २६ वर, झोत छताकडे, पंखा एकवर, झरोक्याला पुठ्ठा, मशीन पलंगापासून चार फुटांवर स्टुलावर, टाकीत आरओचं पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे मीटर ४४ होता. पूड थांबली. गाल भरून यायला त्यानंतरही वेळ लागला आणि त्यासाठी क्रीम लावावंच लागलं, हे मी त्या ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

तुमचं मशीन तासाला किती उडवतं ते खोक्यावर न बघता स्वतः मोजा. टाकीत एक लिटर भरा आणि किती वेळात संपतं ते घड्याळ लावून बघा.

कूलर आणि ओला टॉवेल

आरओ नसेल तर मी अल्ट्रासोनिक घ्यायला सांगत नाही. त्याऐवजी पाणी सुकवणारी पद्धत वापरा, कारण पाणी सुकतं तेव्हा क्षार मागेच राहतो. कूलरच्या हनीकॉम्ब पॅडवर जो पांढरा खार चढतो तो याचाच पुरावा आहे. तो पॅडवर बसतो, तुमच्या छातीत जात नाही.

सगळ्यात स्वस्त साधन आपल्या गावातच विणलं जातं. मोठा टर्किश टॉवेल भिजवून, टपकणार नाही इतका पिळून पलंगाजवळ स्टँडवर पसरून टाका. पिळलेल्या टॉवेलात त्याच्या वजनाइतकं तरी पाणी उरतं. किचनच्या काट्यावर रात्री आणि सकाळी वजन करा, जो फरक येईल तेवढं पाणी खोलीत गेलं. दोन टॉवेल टाकले तर लहान बंद खोलीला थंडीत बऱ्यापैकी पुरतं. मागाच्या शेडमध्ये कोरड्या हवेत सूत तुटायला लागलं की फरशीवर पाणी मारतात, तोच हा इलाज.

कूलरचं गणित वेगळं आहे. घरचा कूलर तासाला काही लिटर पाणी हवेत सोडू शकतो, म्हणजे बंद खोलीसाठी फारच जास्त. उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवूनच चालवायचा असतो, तेव्हा ही ओल बाहेर निघते. थंडीत कातडीसाठी वापरायचा असेल तर झोपायच्या आधी कमी वेगावर, पंप चालू करून वीस मिनिटं लावा आणि मीटर बघून बंद करा. झोत अंगावर नको, खोलीही गार पडेल. पंप बंद करून नुसता पंखा चालवला तर पॅड सुकेपर्यंतच उपयोग, नंतर कोरडा वाराच. एसी आणि कूलर एका खोलीत एकत्र कधीच नाही. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

इथे थांबा

कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. चप्पल घालून हात लावून बघायचा प्रयोग नको. बोर्डवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. बहुतेकदा पंपाच्या वायरीत पाणी शिरलेलं असतं किंवा घराचं अर्थिंग तुटलेलं असतं. अर्थिंग तपासायला मीटर लागतो, ते घरी करायचं काम नाही. त्याच भेटीत बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या, ओल्या कूलरजवळ मुलं वावरत असतील तर हा खर्च टाळू नका.

ह्युमिडिफायरमधून जळका वास, तळात पाणी झिरपणं, किंवा साफ करूनही तुषार न येणं, अशा वेळी स्क्रू उघडू नका. चकतीमागे सर्किट असतं आणि रबरी सील नीट बसलं नाही तर पुढच्या वेळी पाणी थेट त्यावर जातं. एसीच्या आतल्या युनिटमधून खोलीत पाणी टपकत असेल तर ड्रेन तुंबलाय किंवा कॉइलवर बर्फ धरतोय, तो एसीवाल्याचा विषय आहे.

कातडीचंही तसंच. भेगांतून रक्त किंवा पाणी येत असेल, खाजेने झोपमोड होत असेल, लाल चट्टे पसरत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आर्द्रता ४० ते ५० ठेवून आणि रोज क्रीम लावून दोन आठवड्यांत फरक नसेल तरीही दाखवा. मधुमेह असलेल्यांनी टाचांच्या भेगांना दोन आठवडेही देऊ नयेत. घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना रात्री खाज सुटते आणि बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे, असं असेल तर ती खरूज असू शकते. तिचा हवेशी काही संबंध नाही आणि औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी घ्यावं लागतं.